एकवीस जास्तीचे शब्द

अकोल्याच्या एका डायलिसिस केंद्रातल्या मुख्य सिस्टरनी दोन वर्षांपूर्वी मला एक कागद दिला. त्यावर चाळीस शब्द होते. मशीनवर चार-चार तास पडून असणारे पेशंट आपल्या आजाराबद्दल बोलताना जे शब्द वापरतात, ते सिस्टरनी एकेकाच्या खाटेशी उभं राहून टिपले होते. पेशंटांच्या पुस्तिका मराठीत करायच्या त्या याच शब्दांत, अशी त्यांची अट. तसं त्यांनी पेशंटांना कबूलही केलं होतं.

मी अमरावतीत घरी बसून अनुवाद करतो. हल्ली कच्चा मसुदा एआयकडून करून घेतो. गडी हुशार आहे, पण नवं संभाषण उघडलं की मागचं काहीच त्याच्याजवळ नसतं. म्हणून प्रत्येक ग्राहकाची शब्दसूची मी एका एक्सेल फाइलीत ठेवतो, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी. काम सुरू करताना ती आधी चिकटवायची आणि सांगायचं, हेच शब्द वापर. काम झालं की संभाषण पुसायचं, कारण केंद्राला आपले कागद कुठे पडून राहायला नको होते. यादी दर वेळी अकारविल्हे लावून तीच फाइल सेव्ह करायची. सिस्टरचा तो एकमेव कागद टाइप झाल्यावर मी रद्दीत दिला होता. एवढा मी व्यवस्थित माणूस.

चौथ्या पुस्तिकेचा मसुदा पाठवला आणि सिस्टरचा फोन आला.

"भाऊ, यातले काही शब्द आमचे नाई वाटत. तुमी काहून टाकले?"

"सिस्टर, तुमच्या यादीबाहेरचा एकही नाही," मी ताठ्यात म्हणालो. फोन ठेवून फाइल उघडली. चाळीसच्या जागी एकसष्ट ओळी होत्या.

मला काही समजेना. पुन्हा मोजल्या, एकसष्टच. मग हळूहळू उलगडलं. काम संपताना मी त्याला सांगायचो, यात वापरलेले शब्द तक्त्यात दे. तो तक्ता जसाच्या तसा सिस्टरच्या यादीत घालायचो. यादीत जिथे शब्द नव्हता तिथे त्याने स्वतः घडवला होता, तोही यादीच्या वळणाचा, आणि त्या तक्त्यात तोही होता. पुढच्या वेळी तोच शब्द मी सिस्टरचा म्हणून त्याच्यापुढे ठेवला. त्याने इमानाने वापरला. आणि पुन्हा पुन्हा तोच शब्द दिसतोय म्हणून मी तो पक्का धरला.

मी त्यालाच विचारलं, यातले तू केलेले कोणते? तो म्हणाला, आधीची संभाषणं मला दिसत नाहीत, हे सगळे शब्द तुम्ही दिलेल्या यादीतले आहेत. उत्तर बरोबर होतं, तरी मला त्याचा रागच आला.

पुस्तिका दोन दिवसांत छापायला जायची होती. सकाळच्या एसटीने मी अकोल्याला गेलो. पहिली पुस्तिका मी एआयशिवाय केली होती, तेव्हा तिच्यात वापरलेले यादीतले अठ्ठावीस शब्द पक्के पेशंटांचे. उरलेल्या तेहतीसमध्ये बारा त्यांचे होते, आणि एकवीस कोणाचेच नव्हते.

"पेशंटांनाच विचारू या," मी म्हणालो.

सिस्टरनी खाटांच्या रांगेकडे पाहिलं. "तवाचे दोघंच राहिले, भाऊ. बाकीच्यांले कुठून आनू?"

मला अतिशय लाज वाटली. त्या दोघांनी पाच शब्द ओळखले. सिस्टरनी आठवून आठवून सहा ओळखले आणि बरेचसे खोडले. खोडण्याआधी त्या प्रत्येक शब्द दोनदा मोठ्याने म्हणून बघायच्या. न जाणो, एखाद्या गेलेल्या माणसाचा शब्द आम्ही काढत असू.

शेवटी 'पाण्याचा वाटा' राहिला. दिवसभरात किती पाणी प्यायचं, त्यासाठीचा.

"हा अंजनगावच्या आजीचा," सिस्टर चटकन म्हणाल्या. "पोरीकडं राह्यची इथं. म्हने, माह्या पाण्याचा वाटा संपला का वं? मले तिचा आवाज ऐकू येऊन राहिला." त्यांचे डोळे भरून आले.

हा शब्द एआयच्या मसुद्यात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खूश होऊन चहा घेतला होता, असं मला अंधुक आठवत होतं. की तो दुसराच शब्द होता? की मी तो सिस्टरच्या कागदावरच वाचला होता आणि चहा नंतरचा? मी आठवायला लागलो तसतसं दोन्ही खरं वाटू लागलं. सिस्टर वाट पाहत होत्या.

आता यादीला तिसरा रकाना केला आहे, शब्द कोणाकडून आला त्याचा. 'पाण्याचा वाटा'समोर मी 'आजी' लिहिलं. तो एआयनेही घडवलेला असू शकतो, ही शंका सिस्टरना सांगितली नाही. आता दर वेळी ती यादी चिकटवतो, तेव्हा एआयला तेच खरं वाटतं. सिस्टरनाही वाटतं. तसं न वाटणारा मी एकटा उरलो आहे, आणि माझीही खात्री नाही.