घागर घेऊन चाललेला इंद्रभान

इंद्रभानचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मंगरूळपीरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो हमाल होता आणि आसेगावहून पहिली गाडी चुकली तर खाडा पडायचा. सुटीच्या दिवशी तो नारूच्या रोगावरचं पथनाट्य करायचा. १९७६ च्या उन्हाळ्यात आरोग्य खात्याची माणसं त्या नाटकाची फिल्म काढायला आली, त्याही दिवशी तो चारलाच उठला. पायविहिरीवरून पाणी आणून त्यानं रांजण भरून ठेवला.

नाटक साधं होतं. पायाला नारू झालेला माणूस पायविहिरीत उतरतो, नारूची पिल्लं पाण्यात सुटतात, तेच पाणी गाव पितं. शेवटी इंद्रभान लोकांतून दोन वस्तू मागायचा. गावाच्या बाजूनं भरलेली घागर, बौद्धवाड्याच्या बाजूनं पदर. त्या पदराची दुहेरी घडी करून तो पाणी गाळायचा आणि सगळ्यांना दाखवायचा. लोक गोल करून बसायचे, पण गाव एकीकडे आणि वाडा दुसरीकडे. म्हणून इंद्रभान वाक्यागणिक फिरायचा. कोणाकडेही पाठ राहू नये, हा त्याचा नेम होता.

कॅमेरावाला अमरसिंग. कॅमेरा एकच, चावीचा. एका चावीत अर्धं मिनिट चालायचा आणि आवाज घ्यायचा नाही. बोलणी नंतर टेपवर घ्यायची होती. त्यामुळे एकच प्रवेश तीन जागांवरून तीनदा करावा लागला. आधी शाळेच्या छपरावरून सगळा गोल, मग समोरून तोंड, मग जमिनीला टेकून पाय. प्रत्येक वेळी पदर कोरडा हवा होता. चंपाबाई वाड्यातली म्हातारी. दर खेपेला ती ओला पदर उन्हात धरून बसायची.

"बापू, वाळवून राह्यली मी," ती म्हणायची. "तुह्या मशिनीले म्हण थांब."

दुपारी इंद्रभानच्या ध्यानात आलं की तिन्ही जागा वाड्याच्या अंगाला आहेत. कॅमेऱ्यात तोंडं दिसतात ती गावाची. वाडा पाठमोरा, नाहीतर कॅमेऱ्याच्या मागे.

"अमरसिंगभाऊ, चंपामावशी कुठी दिसन?"

"हात दिसेल. पदर दिसेल."

"अन् तोंड?"

"त्यासाठी मला पलीकडे जावं लागेल. मग आत्ता उजवीकडे जाणारा तू डावीकडे जाताना दिसशील. बघणाऱ्याला वाटेल, मधूनच परत फिरलास."

गावोगाव ही फिल्म दाखवणार होते. गाळलेलं पाणी सगळे बघतील आणि पदर धरणाऱ्या बाईला तोंडच नसेल. ते इंद्रभानला गिळवेना.

अमरसिंगनं बिडी विझवली. "एक करता येईल. मी गोलाच्या मधोमध उभा राहतो. तू घागर उचलून सरळ चंपाबाईकडे जा, मी तुझ्याबरोबर कॅमेरा फिरवतो. बाजू बदलताना बघणाऱ्याला दिसली की गोंधळ होत नाही. पण थांबायचं नाही, वळायचं नाही, तोंड उघडायचं नाही."

घागर शेषरावांची होती. मोठे शेतकरी, नाटकाचे नेमाचे प्रेक्षक आणि नेमाचे टवाळ. इंद्रभाननं घागर उचलली तसे ते ओरडले, "इंद्र्या, पाणी आमचं अन् गाळणं त्यायचं कायले?"

इंद्रभान सवयीनं गर्रकन वळला. "तुमच्या धोतरातून गाळू काय भाऊ? मंग तुमी काय नेसान?"

गोल हसला. चावी संपली. अमरसिंगनं कपाळाला हात लावला. "फिल्म आता एवढ्या एकाच खेपेपुरती आहे."

इंद्रभाननं घागर पुन्हा काठोकाठ भरली. अर्धी उचलली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण भरल्या घागरीखाली माणूस वेगळा चालतो, हे हमालाला लपवता येत नाही. तो निघाला. शेषरावांनी पुन्हा तोच टोमणा मारला. इंद्रभानची मान मागे वळू पाहत होती, पण पाय थांबले नाहीत. गाव पाठीमागे पडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं गावाकडे पाठ केली.

उत्तर न मिळाल्यानं शेषराव बेचैन झाले. उठले आणि मागोमाग आले. "अबे, माही घागर कुठी नेऊन राह्यला?"

कॅमेरा फिरत होता. चंपाबाईनं पदर ताणून धरला, इंद्रभाननं धार सोडली. शेषराव जवळ येऊन वाकले. पदरावर गाळ उरला होता, त्यात काहीतरी बारीक वळवळत होतं.

"हे आमी पेतो?" ते म्हणाले.

"मंग काय तर," चंपाबाई म्हणाली. "धक्का लागला तर पाणी सांडन, सरक तिकडे."

चावी थांबली. चौकटीत तिघं होती.

पावसाळ्यानंतर शाळेच्या भिंतीवर पडदा बांधून फिल्म दाखवली. चंपाबाई स्वतःला बघून लाजली आणि म्हणाली, "पदर पा कसा विरला माहा."

खरंच विरला होता. पुन्हा पुन्हा ओला करून, ताणून, वाळवून तो शिवणीच्या दंडालाच फाटला. जिनिंगचा पुढचा हंगाम इंद्रभाननं एकही खाडा न करता ओढला. त्या मजुरीतून मंगरूळपीरच्या बाजारातून त्यानं चंपाबाईला लुगडं आणलं. दुकानदारानं दाखवलेलं झिरझिरीत त्यानं परत केलं. जाड सुताचं मागितलं आणि दुहेरी घडी करून उजेडात धरून बघितलं.