कोपराला धरलेला माणूस

फोटो काला आंबचा आहे. पानिपतच्या लढाईच्या त्या स्मारकाला बाबा दर हिवाळ्यात जातात. दिल्लीत सरकारी नोकरीत आले तेव्हापासूनचा त्यांचा हा नेम. मी दिल्लीतच, मुनिरकाला, भाड्याच्या खोलीत राहते, पत्रकं लिहिते, मोर्चांना जाते. त्या स्मारकावर होणाऱ्या भाषणबाजीवरून माझं आणि त्यांचं दरवर्षी भांडण होतं. तरी यंदा मी गेले, कारण बाबांना कंपवात झालाय. उजवा हात थरथरतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडकतात. आई एकटी त्यांना सांभाळू शकली नसती.

तिथे गर्दी होती. महाराष्ट्रातून बसने आलेले फेटेवाले, घोषणा, सेल्फी. मी बाबांना स्तंभाच्या कुंपणासमोर उभं केलं, चार पावलं मागे आले आणि मोबाइल धरला. तेवढ्यात बाबा जरा सरकायला गेले आणि पाय अडकला. शेजारून तपकिरी स्वेटर घातलेला एक माणूस, तिथलाच, हरियाणवी, झटकन पुढे आला आणि त्याने बाबांचं कोपर धरलं.

“संभल के, ताऊ. कहां से आए हो?”

“दिल्ली से. वैसे सांगली के हैं,” बाबा म्हणाले आणि हसले. तेव्हाच मी बटण दाबलं.

इतका चांगला फोटो बाबांचा गेल्या दोन वर्षांत निघाला नव्हता. आजारामुळे त्यांचा चेहरा कोरा दिसतो, हसू लवकर येत नाही. ह्यात ते खरोखर हसत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या क्वार्टरमध्ये आई माझ्या शेजारी सोफ्यावर बसली. पुढच्या महिन्यात पुण्याला आत्याच्या मुलाचं लग्न. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता.

“ती मागची गर्दी काढ गं. तुझ्या फोनमध्ये निघते ना?”

निघते. माणसाभोवती बोटाने गोल काढायचा. फोन त्याला पुसतो आणि त्या जागी काय असेल ते अंदाजाने भरतो. मी फेटेवाले पुसले. सेल्फीवाली मुलगी पुसली. भरभर पुसले, काही वाटलं नाही. ती माणसं आमच्या फोटोत यायला आली नव्हती. चुकून सापडली होती. त्यांचा चेहरा आमच्या आत्याच्या ग्रुपवर न जाणं हे त्यांच्याही सोयीचंच.

“आता हा,” आई म्हणाली. तिचं बोट तपकिरी स्वेटरवर होतं.

“हा नाही.”

“का? ओळखतेस?”

“आई, त्याने बाबांना धरलंय. तो मागे नाहीये, तो फोटोत आहे.”

“म्हणूनच काढ. आत्या बघेल आणि रडत फोन करेल. मग सगळे सुरू होतील, आता तिकडे काय ठेवलंय, या इकडे, आम्ही बघतो दादाला. यांना ते सहन होत नाही. तुला माहितीये.”

“म्हणजे खोटं दाखवायचं? ज्याच्या आधारावर उभे आहेत त्यालाच गायब करायचं? आम्ही रस्त्यावर ह्याच्याविरुद्धच ओरडतो. परदेशी पाहुणे येणार म्हटलं की वस्त्यांपुढे हिरवे पडदे लावतात ना, ते हेच.”

“तुझी पत्रकं तुझ्यापाशी ठेव. हा माझा नवरा आहे, वस्ती नाही.”

मला राग आला. तो कुणावर काढायचा तेही कळेना, म्हणून मी तिला दाखवायलाच त्या माणसाभोवती गोल काढला. बघ, म्हटलं, जमतच नाही.

पहिल्यांदा खरंच जमलं नाही. माणूस गेला, पण त्याची चार बोटं बाबांच्या बाहीवर राहिली. जमिनीवर सावली राहिली, माणसाशिवायची. मागच्या कुंपणाच्या सळ्या वाकून एकमेकींत शिरल्या होत्या.

“भयंकर दिसतंय,” मी म्हणाले.

“बोटांवर पण गोल काढ. सावलीवर पण.” आई शांतपणे म्हणाली. शिकली होती ती, बघता बघता.

मी काढला. फोनने बाबांना नवी बाही दिली, शिवण नसलेली. सळ्या जवळजवळ सरळ झाल्या. आणि बाबा एकटे, ताठ, हसत उभे राहिले. रिकाम्या मैदानात, कुणाच्याही मदतीशिवाय.

“पाठव,” आई म्हणाली.

“बाबांना विचारल्याशिवाय नाही.” एवढं तरी मी धरून ठेवलं. वाटलं होतं, बाबा बघतील आणि म्हणतील, तो भला माणूस कुठे गेला? माझा विजय ठरलेला होता.

बाबा बाल्कनीत उन्हाला बसले होते. त्यांनी फोन डाव्या हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले.

“मी असा उभा होतो?”

आई माझ्याकडे बघेना. मी तोंड उघडलं.

“छान आलाय,” बाबा म्हणाले. “हाच टाक.”

टाकला. आत्याचं उत्तर लगेच आलं: दादा एकदम फिट! आता मांडवात तूच सगळ्यांचं स्वागत करायचंस, बहाणे बंद. बाबांनी ते आम्हाला दोनदा वाचून दाखवलं.

आठवड्याने मी परत गेले तेव्हा आई दारातच म्हणाली, “हे हात धरू देत नाहीत.”

खरंच देत नव्हते. डॉक्टरकडे जायला निघालो, दुसऱ्या मजल्यावरून उतरताना मी कोपर धरायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. “जमतंय मला. फोटोत कोण होतं धरायला?”

पुढच्या पायरीवर पाय अडकला. कठड्यावर जाऊन आदळले. लागलं नाही फारसं. पण आई मागे भिंतीला टेकून उभी राहिली ती उभीच. मग मला म्हणाली, “तो पहिला दाखव त्यांना. आहे ना अजून?”

होता. फोन बदललेला फोटो वेगळा ठेवतो, मूळ तसाच राहतो. आठवडाभर तो माझ्या खिशात होता आणि मी, सत्याच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडणारी, तो उघडत नव्हते. बाबांचा तो आनंद हिसकावून घेणारी मी कोण? आणि न दाखवता त्यांना जिन्यावरून पडू देणारी तरी मी कोण? पत्रकात असल्या प्रश्नाला जागा नसते. तिथे पुसणारे एकीकडे असतात आणि पुसले गेलेले दुसरीकडे.

तिथेच पायरीवर बसून बाबांनी मूळ फोटो पाहिला. फेटे, सेल्फीवाली मुलगी, सगळी गर्दी. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो आजारात दिसतो तसा कोरा होता, काही कळत नव्हतं. मग त्यांनी थरथरत्या बोटांनी चित्र मोठं करायला घेतलं. दोनदा निसटलं. शेवटी मोठं झालं तेव्हा पडद्यावर ते स्वतः नव्हते. त्यांनी बाहीवरची ती चार बोटं मोठी केली होती.

“घट्ट धरलं होतं त्याने,” ते म्हणाले. “मला आठवतंय. मी विसरलो नव्हतो.”

“मग तुम्ही...” आई म्हणाली.

“अगं, बघायला बरं वाटत होतं.”

खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

“हा टाकू ग्रुपवर?” मी विचारलं. वाटलं, आता तरी.

“नको.” त्यांनी फोन मला परत दिला. “तिथे तो राहू दे. हा तुझ्याकडे ठेव. पुसू नकोस.”

“आणि मांडवात स्वागताला उभं राहायचंय, त्याचं काय?” आई म्हणाली.

“बघू.”

त्यांनी कोपर थोडंसं बाहेर काढलं, माझ्याकडे न बघता. मी धरलं. पायरी, थांबणं, पायरी, असे आम्ही उतरलो. खाली गेटपाशी शेजारचे शर्माजी वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांचं लक्ष जायच्या आत बाबांनी कोपर सोडवून घेतलं.

मी हात मागे घेतला, पण फार मागे नाही.