आधीचा फोटो नाही

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये फोटो रीटचरच्या पहिल्यावहिल्या नोकरीसाठी कौमुदीने कव्हर लेटर लिहिलं. फोटोतून नको ते काढून टाकल्याचे नमुने जोडताना, सगळ्यांत सरस नमुन्यापाशी तिचा हात अडला. पुलावरच्या त्या फोटोतून तिने शेजारी राहणाऱ्या बाईंना, फ्राऊ हुबरना, सावलीसकट काढलं होतं. "माझा फोटो कुणाला दाखवायचा नाही," असं त्यांनी बजावलं होतं.

"अगं, आधीचा फोटो नसेल तर काय काढलंस हे कळणार कसं?" नवरा, रुपेश, वैतागला. "पाठव. त्यांना कोण सांगायला जातंय?"

"शब्द दिलाय मी!" ती उसळली. पत्रात तेवढं कारण लिहून तिने नुसता नंतरचा फोटो पाठवला.

आठवड्याने स्टुडिओचं उत्तर आलं: "आम्ही तिघांनी फोटो मोठा करून करून पाहिला. कुठून काढलंय, ते सोमवारी येऊन दाखवा."