विसावं मशीन

बा मिलूद आपल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाचं शटर पूर्ण कधीच वर करत नसत. कमरेइतकंच उघडत आणि स्वतः वाकून आत जात. गिऱ्हाईकही वाकूनच यायचं.

पुदिन्याचा चहा दोन ग्लासांत ओतत. दुसरा ग्लास बहुतेक वेळा तसाच थंड व्हायचा.

उघडलेल्या मशीनचे स्क्रू सार्डिनच्या रिकाम्या डब्यात, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडत.

जुन्या लॅपटॉपवर संगणकाशी बुद्धिबळ खेळत आणि रोज हरत. पातळी दुसरी. ती त्यांनी कधी खाली आणली नाही.

आणि समोरचा माणूस पासवर्ड टाइप करू लागला की पाठ फिरवत. नुसती नजर वळवत नसत, स्टुलासकट फिरत आणि पत्र्याच्या छताकडे बघत बसत. "झालं?" असं विचारत. "झालं" म्हटल्यावरच वळत.

हे सगळं मी पाहिलं, कारण पदवी मिळाल्यावर दीड वर्ष माझ्याकडे पाहण्याखेरीज काही काम नव्हतं. कासाब्लांकात अरबी साहित्याच्या पदवीधराला कुणी बोलावत नाही. दर्ब गल्लेफच्या बाजारात मी जुनी पुस्तकं चाळायला जायचो. ऊन चढलं की त्यांच्या दुकानात शिरायचो. तो दुसरा ग्लास मग मी पिऊ लागलो.

"उस्ताद," ते मला म्हणायचे, "तुझ्या त्या कवींपैकी एकाला तरी सोल्डरिंग येत होतं का?"

मार्चमध्ये मला काम मिळालं. एका भाषांतर कार्यालयाला घरी बसून कोर्टाची कागदपत्रं भाषांतरित करणारा माणूस हवा होता. कागदपत्रं गोपनीय. म्हणून त्यांनी एक पेनड्राइव्ह दिला. संगणक त्याच पेनड्राइव्हवरून चालू करायचा, काम त्याच्यातच करायचं, घरच्या डिस्कवर एक अक्षरही उरू द्यायचं नाही. सोमवारी सकाळी नऊला सुरुवात. मी हजर झालो नाही तर यादीतल्या पुढच्याला फोन जाणार होता.

मला फक्त लॅपटॉप हवा होता. बा मिलूदांनी नुकतेच एका विमा कंपनीच्या ऑफिसातून निघालेले वीस लॅपटॉप लिलावातून घेतले होते. एकोणीस विकले गेले होते. विसावा त्यांनी मला जवळजवळ फुकट दिला. मी तो गुरुवारी घरी नेला, पेनड्राइव्ह लावला, चालू केला. पडद्यावर एक लहानसा चौकोन आला आणि त्यात कुलपाचं चित्र. पासवर्ड मागत होता.

मी तो तसाच परत आणला.

बा मिलूदांनी दोनदा बंद-चालू करून पाहिलं. पेनड्राइव्ह काढला, तर लॅपटॉप मुकाट्याने स्वतःच्या डिस्कवरून सुरू झाला. पेनड्राइव्ह लावून त्यावरून सुरू कर म्हटलं, की पुन्हा तो चौकोन.

"सुपरवायझर पासवर्ड आहे," ते म्हणाले. "ऑफिसवाल्यांनी टाकलेला. बाहेरून काही लावून कुणी मशीन सुरू करू नये म्हणून."

"डिस्क पुसून टाकू या ना."

"डिस्कमध्ये नाहीच तो. बोर्डावर बसलाय. डिस्क बदल, विंडोज बदल, तो तिथेच."

समोरच्या गाळ्यातल्या रुश्दीने मान लांब केली. त्याला सगळं ऐकू यायचं. "सेल काढा आतला! पाच मिनिटांत विसरेल सगळं!"

"सेल काढला की घड्याळ विसरतं, गाढवा. पासवर्ड विसरत नाही. त्याची चिप वेगळी, तिला विजेची गरज नाही."

"मग इकडे द्या. माझ्याकडे चिप वाचायचं यंत्र आहे. तासाभराचं काम."

"मशीन कुणाचं ते आधी ठरू दे."

"तुमचं! लिलावात घेतलं ना?" रुश्दी माझ्याकडे वळला. "भाऊ, या दुकानात आधी कागद, मग आणखी कागद, मग स्क्रू. तुझी नोकरी निवृत्त होईल तोवर."

सार्डिनच्या डब्याखालून बा मिलूदांनी लिलावाची पावती काढली. तिला जोडलेल्या यादीत प्रत्येक मशीनचा अनुक्रमांक होता. बोट ठेवत ठेवत त्यांनी ती खालपर्यंत वाचली. मग लॅपटॉप उलटा करून पोटावरचा क्रमांक पाहिला. पुन्हा वाचली.

शेवटी लिहिलं होतं: एकूण नग वीस. वर क्रमांक होते एकोणीस. माझ्या लॅपटॉपचा त्यांत नव्हता.

"मी नग मोजले," ते हळूच म्हणाले. "क्रमांक वाचले नाहीत. चूक माझी."

मी विचारलं, काय फरक पडतो?

त्यांनी चहा ओतला आणि सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी असंच एक कुलूप उघडून दिलं होतं. आणणाऱ्याने स्वतःचं म्हणून सांगितलं होतं. महिन्याभराने एक मुलगी आपल्या चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा फोटो हातात घेऊन गाळ्यागाळ्यातून विचारत फिरली. त्यांच्या गाळ्यातही आली. "तिला मी म्हटलं, नाही पाहिला," ते म्हणाले. "घाबरलो होतो. ती आभार मानत शुक्रन म्हणाली आणि वाकून बाहेर गेली."

शुक्रवारी नमाज आणि कुसकुसचं जेवण झाल्यावर ते मला घेऊन विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. एरवी शुक्रवारी दुपारी ते दुकान उघडत नसत आणि कुठे जातही नसत. पांढरा पायघोळ जेलाबा होता अंगात. लॅपटॉप त्यांनी पोटाशी धरला होता, आजारी मांजर धरावं तसा.

तिथे संगणक सांभाळणाऱ्या मदाम तौरिया होत्या. बारीक चष्मा, कामाचा ढीग. त्यांनी क्रमांक टाइप केला आणि भुवई उंचावली.

"हा आमच्याकडे 'दुरुस्तीला' दाखवतोय. विकलेलाच नाही."

"विकला गेलाय, मदाम. ही पावती."

त्यांनी यादी पाहिली, मग स्वतःच हसल्या. "बाकीच्या एकोणीस मशीनचे पासवर्ड मी लिलावाआधी स्वतः काढले. हा तेव्हा दुरुस्तीवाल्याकडे होता. तिकडून परस्पर लिलावाच्या ढिगात टाकला असणार."

"मग आत्ता काढून टाका ना," मी म्हणालो. "सोमवारी माझं काम आहे. नाहीतर पासवर्ड सांगा."

"सांगता येणार नाही. या इमारतीतल्या सगळ्या मशीनला तोच आहे."

"ऐकलंस?" बा मिलूद मला म्हणाले, जणू ते स्वतःच त्या इमारतीचे रखवालदार होते.

"आणि मी आज काढूही शकत नाही," मदाम म्हणाल्या. "कागदोपत्री अजून कंपनीचा आहे. विक्रीत घालायला सही लागेल. पत्र निघेल. तुम्ही मशीन आणि ओळखपत्र घेऊन या, मी आत शिरून पासवर्ड पुसून देईन. दोन मिनिटांचं काम. पत्राला मात्र दोन आठवडे."

"बनवणाऱ्या कंपनीकडे नेला तर?" बा मिलूदांनी विचारलं.

"तेही आधी मालकीचा पुरावाच मागतील. काही कंपन्या बिल बघून उघडून देतात. काही म्हणतात, बोर्डच बदला. तुमच्याकडे बिल नाही, सिदी. तुमच्याकडे अजून मशीनही नाही, खरं तर."

त्यांनी ते सौम्यपणे सांगितलं. बा मिलूदांनी मान डोलावली आणि लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला. "मग तुमच्याकडेच राहू द्या."

मदामनी तो परत त्यांच्याकडे सरकवला. "तुमच्याकडे ठेवा. इथे ठेवला तर पुन्हा हरवेल. फोन करीन."

बाहेर आल्यावर मी भडकलो. मी म्हणालो, तुमच्या एका जुन्या पापासाठी माझी नोकरी कशाला? रुश्दीने तासात केलं असतं. कुणाला कळलं असतं?

"कुणालाच नाही," ते म्हणाले.

ट्रामच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. ट्राम आली तशी मी एकटाच चढलो.

रविवारी संध्याकाळी ते माझ्या दारात उभे होते. चार मजले चढून आले होते. धाप लागली होती. माझं घर त्यांनी पूर्वी पाहिलेलं नव्हतं, विचारत विचारत आले होते. हातातल्या पिशवीत त्यांचा स्वतःचा लॅपटॉप होता. दुकानातला. बुद्धिबळाचा.

"याला कसलं कुलूप नाही. तुझा पेनड्राइव्ह लावून पाहिला असता, पण तो तुझ्याकडे. लाव."

मी लावला. सुरू झाला.

"माझ्या डिस्कला तुझं काम हात लावणार नाही ना?"

"नाही. सगळं पेनड्राइव्हमध्येच."

"मग डाव तसाच राहील. वजीर अडकलाय माझा."

"आत या ना, बा मिलूद. चहा घेऊ."

"शटर उघडं टाकून आलोय," ते म्हणाले. मला माहीत होतं, ते तसं कधी करत नसत. मी आग्रह केला नाही. मला शुक्रवारची लाज वाटत होती आणि ती कशी बोलावी ते सुचत नव्हतं. एवढी पुस्तकं वाचली होती.

सोमवारी नऊला मी हजर झालो. काम टिकलं. पहिल्या आठवड्यात मी दुकानात गेलो नाही, वेळच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात एकदा बाजारातून जाताना दुरून पाहिलं. शटर कमरेइतकं वर. आत ते स्टुलावर बसले होते, समोर लॅपटॉप नसलेलं टेबल. हातात काही नव्हतं. दोन ग्लास होते. मला बस गाठायची होती.

त्या बुधवारी शटर उघडलं नाही. दुपारी रुश्दी हय हस्सनीतल्या त्यांच्या खोलीवर गेला. गच्चीवरची एकच खोली. दार आतून बंद. दुसरी किल्ली कुणाकडेच नव्हती. पोलिसांनी कुलूपवाल्याला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, हृदय, झोपेतच, मंगळवारी रात्री कधीतरी.

दफनाला आम्ही अकरा जण होतो. त्यातले नऊ बाजारातले.

नंतर रुश्दीने मला दुकान उघडून दिलं. तो बाहेरच उभा राहिला. "मी त्यांना रोज म्हणायचो, आणा इकडे, करून देतो," तो म्हणाला. "रोज म्हणायचे, पत्र येतंय." मग त्याने तोंड फिरवलं आणि छताकडे बघत राहिला.

माझा लॅपटॉप फळीवर होता. स्वच्छ पुसलेला. चार्जर नीट गुंडाळून रबर लावलेला. झाकणावर चिकटपट्टीने एक अर्धवट लिहिलेला कागद होता, त्यांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात:

गुरुवार, सकाळी दहा. मदाम तौरिया. पत्र आलं आहे, माझ्या नावावर. ओळखपत्र घेणे. चार्जर घेणे, बॅटरी टिकत नाही. उस्तादला आधी सांगू नये. मशीन मोकळं करून त्याच्या घरी पोचवणे, आणि त्याला वेळ असेल तर