दोनशे पानांच्या रजिस्टरात दोनशे चार पानं

जन्मनोंदीच्या कचेरीत मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. तिला एकच खिडकी, आणि खिडकीला लागून स्कॅनर. त्या स्कॅनरपाशी एक बाई बावीस वर्षं बसल्या. कचेरीत त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारी माणसं एकेक करून थकली, फक्त घरातल्या वहिनी थकल्या नाहीत. त्या अजूनही पोळी वाढताना म्हणायच्या, "तुम्हाला काय, मशीनशी संसार तुमचा."

बाई हसून पोळी घ्यायच्या. संसार म्हणावा तर तो मशीनशी नव्हता. पण ते सांगायचं कुणाला?

जुनी रजिस्टरं स्कॅन करायची म्हणजे आधी ती उसवावी लागत. ते काम बाइंडरचं. उंच, कमी बोलणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला माणूस. सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. मास्तर पाठीचा दोरा असा कापत, की पानाला ओरखडा जात नसे. मग सुटी पानं जुळवून दर पन्नासला एक गुलाबी चिठ्ठी लावत, कारण स्कॅनरच्या तबकात एका वेळी पन्नासच पानं मावत. बाई चिठ्ठी काढून घेत, पन्नास पानं पालथी ठेवत, आणि मशीन ती सरसर ओढून घेई. अख्ख्या रजिस्टराची मिळून एकच फाइल तयार होई. दुसऱ्या दिवशी पानं मास्तरांकडे परत जात आणि ते पुन्हा शिवत.

एवढाच त्यांचा व्यवहार. ते उसवायचे, त्या उलटून ठेवायच्या, ते शिवायचे. मध्ये चहा.

"मास्तर, आज दोरा लाल का?"

"पांढरा संपला."

"मला वाटलं रजिस्टरचं लग्न आहे."

मास्तर हसत नसत, पण त्या दिवशी कात्री जरा हळू चाले. बाईंना एवढं पुरत असे.

मग मास्तर निवृत्त झाले आणि बाईंचा निरोपही न घेता दूरच्या शहरात मुलीकडे निघून गेले. शेवटच्या शनिवारी हार झाला, भाषणं झाली. मास्तर बाईंच्या खोलीच्या दारापर्यंत आले, आत पाहिलं आणि परत फिरले. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. तशाच पुन्हा बसल्या. आपल्या हातून काय चुकलं, हे त्या सहा वर्षं शोधत राहिल्या. रोज नाही. पण दोऱ्याचा डबा दिसला की.

यंदा वरून नवा आदेश आला. रजिस्टराची एकच मोठी फाइल आता चालणार नाही. प्रत्येक पान वेगळं हवं, त्यावर नंबर हवा, आणि तो नंबर रजिस्टराच्या कोपऱ्यातल्या पानक्रमांकाशी जुळला पाहिजे. तपासणी झाली की जुनी मोठी फाइल पुसून टाकायची.

साहेब म्हणाले, "पण बाई, या फाइलींत आहेच काय? मी उघडली तर एकच पान दिसलं."

"साहेब, ती फाइल थप्पीसारखी असते. तुमचा फोटो बघायचा प्रोग्रॅम वरचं पान दाखवतो आणि गप्प बसतो. खाली सगळी आहेत. एका पानाची फाइल एवढी जड असते का?"

"मग इतकी वर्षं खालची पानं पाहिली कुणी?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या.

पानं सुटी करणारा प्रोग्रॅम बाई स्वतःच शिकल्या. पहिल्या खेपेला त्याने मोजणी शून्यापासून धरली, म्हणून पहिलं पान शून्य नंबरवर गेलं. शिवाय यादीत एकच्या मागे दहा, आणि दोन कुठेतरी खाली. बाईंनी सुरुवात एकपासून करायला सांगितली आणि आकडे तीन ठेवले, ००१, ००२, असे. मग यादी शहाण्या मुलांसारखी ओळीत उभी राहिली.

रोज चार रजिस्टरं होत. शेवटची फाइल उघडायची, कोपऱ्यातला क्रमांक जुळला की पुढे जायचं.

एका मंगळवारी दोनशे पानांच्या रजिस्टरातून दोनशे चार निघाली.

बाईंना वाटलं, मशीनने पानं दोनदा ओढली असतील. त्यांनी शंभरावी फाइल उघडली. कोपऱ्यात नव्व्याण्णव. पन्नासावी उघडली, तिथे पन्नास बरोबर. म्हणजे घोटाळा मध्येच कुठेतरी होता. त्यांनी ०५१ उघडली.

कोरा कागद. पानाच्याच मापाचा. मध्यभागी पेन्सिलीची फिकट अक्षरं.

'बाई, पन्नास झाली. पाठ सरळ करा.'

अक्षर ओळखायला चष्मा लागला नाही. स्कॅनची तारीख पाहिली, मास्तरांच्या शेवटच्या आठवड्यातली. तेव्हा गुलाबी चिठ्ठ्या नव्हत्या. मास्तर विसरले, असं समजून बाईंनी पन्नास पानांचा अंदाज हातानेच घेतला होता. आणि पानं तर पालथीच जात.

पुढचा कागद कुठे असेल, याचा हिशोब बाईंच्या डोक्यात आपोआप झाला. १०२.

'शनिवारी मी सुटतोय. तोंडानं बोलायला जमत नाही, म्हणून कागद.'

१५३. 'मुलीकडे जायचं म्हणतोय, पण पक्कं नाही. कुणी थांब म्हटलं तर थांबेन.'

बाईंनी खिडकी लावून घेतली, वारा नसताना. मग शेवटची उघडली. २०४.

'थांबावं असं वाटलं तर हे चार कागद काढून घ्या. नसेल तर तसेच राहू द्या. मी विचारणार नाही.'

तेव्हा दुसऱ्या दिवशी पानं मास्तरांकडे परत गेली होती. दोनशे चारच्या दोनशे चार. त्यांनी मोजली असणार. ते नेहमी मोजत.

बाईंनी काम पुरं केलं, कारण ते पुरं करायचंच होतं. चार कागद वेगळ्या फोल्डरात हलवले. उरलेल्यांना ओळीने नवे नंबर दिले. शेवटची फाइल उघडली. २००, आणि कोपऱ्यातही दोनशे. जुनी मोठी फाइल पुसली. मग आस्थापनेच्या खिडकीवर जाऊन पेन्शनच्या यादीतून फोन नंबर मागून घेतला.

पलीकडून आवाज आला, म्हातारा झालेला. "कोण?"

"मी स्कॅनिंगची बाई."

मागे कुठेतरी लहान मूल पाढे म्हणत होतं.

"मास्तर, ते चार कागद मी आज काढले."

"आज?"

"पालथे होते हो. फाइलीत पहिलंच पान दिसायचं. मी पाहिलेच नव्हते."

"मला वाटलं, पाहून परत ठेवलेत. मी दोनदा मोजले होते."

"दारापर्यंत आला होतात. आत यायचं होतं."

"तुम्ही उठलात. मला वाटलं, दार लावायला."

मास्तरच पुढे म्हणाले, "मुलगी नोकरीला जाते. नात माझ्याजवळ असते. आता इथून हलता येत नाही, बाई."

"मी बोलवायला फोन केला नाही."

"मग?"

"तुम्ही विचारलं होतंत. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

पलीकडे पाढे थांबले. आजोबा, कोण आहे, असं नातीनं विचारलं. मास्तरांनी तिला उत्तर दिलं नाही. फोन ठेवलाही नाही. बाईंनीही ठेवला नाही.