हा आठवडा किंवा तो

आमच्या साहेबांना ‘नाही’ म्हणायला आवडतं, असं मी तेव्हा चारचौघांत सांगत असे. आता वाटतं, ‘नाही’ म्हणायची सोय आम्हीच त्यांना करून देत होतो. शाहूपुरीतल्या आमच्या सहकारी बँकेची शाखा ती केवढी, साहेब धरून सहा माणसं. काउंटरवर मी आणि कॅशियरमामा. दोघांपैकी एका वेळी एकानंच रजेवर जायचं, हा नियम कुठंही लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. अर्ज गेला की साहेब तारीख बघायचे, त्या तारखेला काय काय अडेल ते आठवायचे आणि कागद परत सरकवायचे.

माझी आई शिरोळकडच्या आमच्या गावी भावाजवळ राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं होतं, पण भावाबरोबर जायला ती तयार नव्हती. “त्यो मला डॉक्टरच्या दारात सोडून ट्रॅक्टरकडं पळंल. तू आलीस तर जाईन,” हा तिचा हेका. मी मार्चमध्ये अर्ज दिला, तर क्लोजिंग आडवं आलं. गणपतीनंतर दिला, तर तपासणीवाले यायचे होते. दोन्ही वेळा मी एकेकच नेमकी तारीख लिहिली होती, आणि दोन्ही वेळा रागानं आठ दिवस साहेबांशी कामापुरतंच बोलले. त्यानं त्यांचं काय बिघडलं कोण जाणे. आई मात्र म्हणाली, “तुझ्या बँकेला माझा डोळा दिसत न्हाय, आन मला तुझी बँक दिसत न्हाय. फिटंफाट.” ती हसत होती. मला हसू आलं नाही, कारण त्याच दिवशी तिनं चहाचा कप बशीच्या शेजारी, नुसत्या फरशीवर टेकवला होता.

दिवाळीनंतर मी तिसरा अर्ज लिहायला बसले. मामा शेजारी चहा पीत होते. त्यांनी वाकून पाहिलं.

“डॉक्टरनं नेमकी तारीख दिलीया का?”

“नाही. नोव्हेंबरात कधीही चालेल म्हणाले.”

“मग तू कशाला नेमकी द्यालीस? दोन आठवडं दे की. सायबाला हो का न्हाय विचारलंस तर त्यो न्हायच म्हणणार. हा का त्यो, असं विचार.”

मला पटलं. मी लिहिलं की आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सहा दिवसांची हक्काची रजा हवी आहे. सोमवार ९ ते शनिवार १४ नोव्हेंबर, किंवा सोमवार २३ ते शनिवार २८ नोव्हेंबर, यांपैकी शाखेला सोयीचा असेल तो एक आठवडा मंजूर व्हावा. मला पहिला बरा पडेल, पण दुसराही चालेल. दवाखान्यात नाव नोंदवायचं असल्यामुळं या शनिवारपर्यंत कळावं. माझं काउंटर मामा सांभाळतील, तसं त्यांच्याशी बोलणं झालं आहे.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला. “बाई, ही काय खानावळ हाय? तांबडा का पांढरा?”

पण कागद परत सरकवला नाही. टेबलावरच्या कॅलेंडरची पानं उलटली, एका आठवड्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. ‘द्यायची का’ हा प्रश्न कधीच मागं पडला होता आणि ‘कधी द्यायची’ एवढाच उरला होता. तेवढ्यात हेड ऑफिसचा फोन आला. रिसीव्हर खांद्यात धरून त्यांनी ‘मंजूर’ लिहिलं, खाली सही ठोकली आणि हातानंच ‘जा’ म्हणाले. कुठला आठवडा, त्यावर खूण करायची राहिली.

मी परत जाऊन विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. शाखेचं रजा रजिस्टर माझ्याकडंच असायचं, आणि त्यात मी दोन्ही आठवडे माझ्या नावावर चढवले. आईची साखर कधी चढेल याचा नेम नव्हता, चढली तर ऑपरेशन पुढं जाणार. एक आठवडा हुकला तर दुसरा हाताशी. साहेबांनी मंजूर केलंय, मग मी कशाला खोदून विचारू? दोनदा तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. मी तर दोन वाट्या भरून ठेवल्या.

दोन-तीन दिवसांनी फायलीला लावायचे कागद माझ्याकडं आले. त्यांत मामांचा अर्ज होता. त्यांचा मुलगा त्या साली सैन्यात भरती झाला होता. त्याचं ट्रेनिंग संपत आलं होतं आणि बेळगावला त्याची शपथ घ्यायची कसम परेड होती, बुधवारी २५ तारखेला. मामांनी तीन दिवस मागितले होते. खाली साहेबांचा लाल शेरा होता, ‘काउंटरचे दुसरे कर्मचारी रजेवर. नामंजूर.’

रजिस्टरात माझ्याच अक्षरातली दुसऱ्या आठवड्याची ओळ पाहून साहेबांनी तो शेरा मारला होता. मी तरातरा मामांकडं गेले.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुझ्या आईचा डोळा हाय, ताई. परेडचं काय, फोटो येतील की.”

“मामींना सांगितलंत?”

“न्हाय अजून,” म्हणाले, आणि काउंटरवरची नसलेली धूळ पुसत राहिले. त्यांचाच सल्ला घेऊन मी त्यांची वाट अडवली होती. मला स्वतःची लाज वाटली.

दुपारच्या सुट्टीत समोरच्या बूथवरून मिरजेच्या दवाखान्यात फोन लावला. मंगळवारी १० तारखेला करू म्हणाले, फक्त आदल्या दिवशी साखर बघणार. मी रजिस्टर आणि पट्टी घेऊन साहेबांसमोर उभी राहिले.

“साहेब, मी दोनपैकी एक आठवडा मागितला होता, आणि दोन्ही धरून बसले. मला पहिला पुरे. दुसऱ्यावर काट मारते, तुम्ही सही करा.”

साहेबांनी माझा मूळ अर्ज मागवला, वाचला, आणि दोन्ही तारखांवरून बोट फिरवलं. “खूण करायची मीच इसरलो की,” ते हळूच म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग नेहमीच्या पट्टीत, “आन आईची साखर वाढली तर?”

“तर पुन्हा अर्ज देईन.”

“दोन आठवड्यांचा दे म्हंजे झालं. जा, मामाचा कागद आण.”

सोमवारी मिरजेत आईची साखर जरा जास्तच निघाली. खोदून विचारल्यावर कळलं, आदल्या रात्री बाईसाहेबांनी भाकरीबरोबर काकवी खाल्ली होती, “निरोपाची म्हणून.” मी तिला दवाखान्यातच झापलं. नंतर बाहेरच्या बाकावर बसून रडलेही, कारण आता हाताशी दुसरा आठवडा नव्हता. मंगळवारी सकाळी पुन्हा रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, चालेल.

बुधवारी डोळ्यावरची पट्टी निघाली. आई माझ्याकडं बघत राहिली, बघतच राहिली.

“तुझं केस कवा पिकलं गं?”

“मागच्या दोन अर्जांच्या मधी,” मी म्हणाले. तिनं हात पुढं केला आणि माझ्या कपाळावरची बट अचूक धरली.

महिनाअखेरीला मामा बेळगावहून आले ते कुंद्याचा डबा घेऊनच. साहेबांनी दोनदा घेतला. मी आईसाठी मागितला तर मामांनी साखरेची आठवण करून दिली.

“फोटो दाखवा की,” मी म्हणाले.

मामांनी खिसे चाचपले, मग मान हलवली.

“काढायचं ऱ्हाऊनच गेलं, ताई. दोघंबी बघतच बसलो.”