अकरा नंबरचा डाग

माझं काम सोपं आहे, असं सगळ्यांना वाटतं. दुकानदाराला कॉम्प्युटरवर चालणारी व्यवस्था हवी असते. ती बनवणारी मुलं वेगळी. मी त्यांच्याआधी जाते, मालकाला काय हवंय ते विचारते आणि त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहून काढते. एकेका गरजेला एकेक नंबर, आणि नंबराखाली एक चाचणी, म्हणजे ते काम झालं की नाही हे कसं ओळखायचं ते. ज्याची चाचणी लिहिता येत नाही, ते मी कागदावर ठेवत नाही. बाकीचं दोन याद्यांत जातं: 'हवंच', जे आता बनतं, आणि 'नंतर बघू'. मग मालकाची सही. सही झाली की मुलं तेवढंच बनवतात, एक अक्षर जास्त नाही.

त्या लाँड्रीच्या मालकाला मी विचारलं, "काय हवंय?" तो म्हणाला, "फटाफट झालं पाहिजे." माझं डोकंच फिरलं. फटाफट म्हणजे किती? बायकोचं फटाफट वेगळं, नवऱ्याचं वेगळं! तासभर हुज्जत घातल्यावर गरज नंबर चार कागदावर उतरली: 'पाच कपड्यांपर्यंत पावती नव्वद सेकंदांत हातात पडली पाहिजे. चाचणी: घड्याळ लावून बघावं.'

हे सगळं काउंटरवरच्या काकू ऐकत होत्या. बुटक्या, चष्मा कपाळावर, बावीस वर्षं त्याच काउंटरमागे उभ्या. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, तुमची ही युक्ती फार भारी आहे. मी घरी लावली." आणि वहीचं पान पुढे केलं. 'गरज १: यांनी ओला टॉवेल दोरीवरच टाकावा. चाचणी: पलंगावर हात फिरवावा, कोरडा लागला पाहिजे. गरज २: जावयाने फोन ठेवून जेवावं. चाचणी: ताटात काय होतं ते विचारावं.' मी हसून हसून इस्त्रीच्या टेबलावर कोसळले.

"आणि काकांनी काय म्हटलं?" मी विचारलं.

"म्हणाले, सही करणार नाही!"

तेव्हापासून आमची गट्टी जमली. काकूंना कुठलीही गोष्ट नंबराशिवाय बोलवेना. "चहाचा सहा नंबर नापास आहे, साखर कमी." धोबीकाम करणारी माणसं जाता-येता "काकू, मी पास का?" असं विचारून जायची.

पण अकरा नंबर त्यांनी हसत सांगितला नाही. त्या दिवशी त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक पांढरा कोट घेऊन आलं होतं. काकूंनी कॉलरवर डाग बघितला, बोलूनही दाखवला. गिऱ्हाईक घाईत होतं, निघून गेलं. कोट न्यायला आल्यावर म्हणतं, डाग तुमच्याकडेच पडला. मालकाने भर सकाळी, सहा गिऱ्हाइकांसमोर काकूंना झापलं आणि माफी मागायला लावली. मागितली त्यांनी. "नोकरी होती ना," एवढंच म्हणाल्या.

म्हणून गरज नंबर अकरा: 'कपडा घेताना आधीचा डाग असेल तर कुठे आणि कसा, हे नोंदवून पावतीवर छापलं पाहिजे. गिऱ्हाइकाने मान्य केल्याशिवाय पावती निघू नये. चाचणी: बाहीवर डाग असलेला शर्ट द्यावा, पावतीवर तो डाग दिसला पाहिजे.'

मालकाने वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "सकाळी लोकांना ऑफिस गाठायचं असतं. डाग बघत बसलो तर नव्वद सेकंदांत होईल का? हे 'नंतर बघू'च्या यादीत टाका."

आणि मी टाकलं. चार आणि अकरा एकमेकांच्या पायात पाय घालतायत, हे मला आधीच दिसायला हवं होतं. तेव्हाच भांडायला हवं होतं. माझी लाज मला वाटते, पण सांगते, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. काकूंनी त्या दिवशी वहीसुद्धा उघडली नाही.

सहीच्या आधी माझा एक हट्ट असतो: व्यवस्था बनायच्या आधीच ती कागदावर चालवून बघायची. दुपारी दुकान बंद करून आम्ही जमलो. मी कॉम्प्युटर झाले. गळ्यात पाटी, हातात चिठ्ठ्या, पावती निघाली की तोंडाने 'टिंग'. मालकीणबाईंकडे घड्याळ. गिऱ्हाईक व्हायला मालक स्वतः, अंगातला कोट काढून हातावर टाकलेला.

"नंबर चार!" मालकीणबाई ओरडल्या. "सुरू!"

"नाव?" काकू.

"तुम्हाला माहीत नाही होय?"

"गिऱ्हाइकाने उलट बोलू नये, सेकंद जातायत!"

काकूंनी कोट उलटासुलटा केला, बाहीशी एक क्षण थांबल्या, माझ्याकडे बघितलं. मग कोट टोपलीत टाकला. "कोट एक, काळा." मी "टिंग!" म्हणून चिठ्ठी दिली. एक्कावन्न सेकंद! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक तर उड्याच मारायचा बाकी होता.

"आता नंबर बारा," मी म्हटलं. "पावती दाखवून कपडा परत घेणे." काकूंनी कोट बाहेर काढला. मालकाने हात घालायला बाही उचलली आणि थबकला.

"हा डाग कसला?"

त्याने नखाने डाग खरवडून बघितला.

"काकू! माझा नवा कोट! टोपलीत काय ठेवलं होतं तुम्ही? जरा बघून काम करत जा हो!" आवाज चढला तो चढलाच. इस्त्रीवाला दारातून डोकावून परत गेला.

"साहेब, डाग आधीचा आहे," काकू शांतपणे म्हणाल्या.

"नव्हता!"

"पावतीवर बघा."

मालकाने चिठ्ठी बघितली. कोट एक, काळा. बस्स.

"तुम्हीच म्हणालात, डाग बघू नका. मी नियमाने काम केलं. आता ठरवा कोणाचा डाग."

आणि तेव्हा मालकीणबाईंना हसू आवरेना. खुर्चीचे हात धरून हसत म्हणाल्या, "अहो, सकाळी तुम्हीच नाही का कॉफी सांडलीत? मी पुसते म्हटलं, तर म्हणालात राहू दे, काळ्यावर दिसत नाही!"

मलाही हसू फुटलं. गळ्यातली पाटी खाली पडली. मालकाचा चेहरा असा झाला, जणू मांजराला दुधाच्या पातेल्यात पकडलंय. मग तो बाही हातात धरून खुर्चीवर बसला.

"काकू," तो हळू म्हणाला, "तो पांढरा कोट..."

"मी तेव्हाही म्हणाले होते, साहेब. नोंद नव्हती."

मालकाने माझ्या हातातून पेन ओढून घेतलं. 'नंतर बघू'मधून अकरा नंबर खोडला आणि 'हवंच'मध्ये लिहिला. चार नंबरात मी भर घातली: 'डाग असल्यास दर डागाला तीस सेकंद जास्त.' त्याने सही केली.

"माफ करा, काकू," तो म्हणाला.

काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वही उघडली. "असं नाही. नंबर बत्तीस लिहिते. 'साहेबांनी माफी मागावी. चाचणी: काउंटरसमोर सहा गिऱ्हाइकं असताना.'"

सोमवारी सकाळी मी मुद्दाम गेले. मालक काउंटरच्या पुढे उभा, कान लाल. म्हणाला, "मंडळी, मला एक सांगायचंय..."

"थांबा साहेब," काकू बोट नाचवत मोजत म्हणाल्या, "पाचच आहेत."

आम्ही सगळे दाराकडे बघत उभे राहिलो. एक आजोबा चादर घेऊन आत आले, आणि अख्ख्या दुकानाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मालक बोलला. सगळं बोलला, पांढऱ्या कोटासकट. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं, वहीत बत्तीसपुढे बरोबरची खूण केली, पदराने चष्मा पुसला आणि आजोबांची चादर उजेडात धरली. "इथे एक डाग आहे हं, आजोबा. बघून घ्या."